पोर्टल बेरीज तपासते, व्यवहार नाही

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली एक फौंड्री डोळ्यांसमोर आणा. वर्षाची उलाढाल बारा कोटींच्या आसपास. बिडाच्या ओतकामाचे सुटे भाग बनवायचे आणि चाकण, पुणे, बेळगाव इकडच्या कारखान्यांना पाठवायचे, हा धंदा. संध्याकाळी सहा वाजता गाडी भरून उभी आहे आणि बिल निघत नाही. निघत नाही म्हणजे छापता येत नाही असं नव्हे. प्रिंटर चालू आहे आणि टॅलीत बिल तयारही आहे. पण त्यावर सरकारी नोंदणीचा क्रमांक आणि क्यूआर कोड आलेला नाही, कारण पोर्टलने बिलाची माहिती परत पाठवली आहे.

ज्या धंद्याची उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात पाच कोटींवर गेली, त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून हे बंधन आहे. (सुरुवात ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरच्या कंपन्यांपासून झाली आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली.) दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेलं प्रत्येक बिल आधी नोंदणी पोर्टलवर, म्हणजे आयआरपीवर पाठवायचं. पोर्टल ते तपासतं, चौसष्ट अक्षरांचा एक क्रमांक देतं, सही केलेला क्यूआर कोड देतं, आणि मग ते बिल खरेदीदाराच्या हाती जातं. त्या क्रमांकाला आयआरएन म्हणतात. जीएसटीच्या नियम ४८ च्या पोटनियम ५ प्रमाणे, बंधन लागू असलेल्याने आयआरएनशिवाय दिलेलं बिल हे बिलच धरलं जात नाही. मग खरेदीदाराला त्या बिलावर कराची वजावट मागता येत नाही, आणि चाकणची कंपनी असं बिल गेटवरच परत करते.

पोर्टलकडे जातं ते बिलाचं चित्र किंवा पीडीएफ नव्हे. ठरलेल्या साच्यातली मजकुराची फाइल जाते. साच्याचं नाव `INV-01`, फाइलचा प्रकार जेसन. विक्रेता कोण, खरेदीदार कोण, माल कुठे उतरणार, प्रत्येक ओळीत काय, किती, कोणत्या दराने, आणि शेवटी एकूण किती, या प्रत्येक गोष्टीला तिथे नेमून दिलेलं घर आहे. टॅली किंवा दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ही फाइल दिसतही नाही. पण पोर्टल बोलतं ते याच फाइलच्या भाषेत, म्हणून तिची घरं ओळखीची असावी लागतात.

तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात फक्त साचा पाहिला जातो: तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच आहे का, बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आहे का, त्याची सुरुवात शून्याने, तिरक्या रेघेने किंवा आडव्या रेघेने तर होत नाही ना, जिथे आकडा हवा तिथे आकडाच आहे का. या टप्प्यावरचा नकार ओळखायला सोपा असतो, कारण त्यात घराचं नाव आणि अपेक्षित रूप दिलेलं असतं. एक्सेलमधून माहिती भरणाऱ्यांना हा त्रास फार होतो. दिल्लीचा राज्य संकेतांक `07` असतो, एक्सेल त्याचा 7 करून टाकतं; `1-4` असा बिल क्रमांक लिहिला की त्याची तारीख बनते. त्या रकान्यांचं स्वरूप आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवलं की हा प्रश्न संपतो.

दुसरा टप्पा खरा महत्त्वाचा. इथे पोर्टल बिलातल्या गोष्टी एकमेकींशी आणि स्वतःकडच्या याद्यांशी ताडून पाहतं. त्याच्याकडे जीएसटी क्रमांकांची यादी आहे, पिनकोड आणि राज्यांची यादी आहे, एचएसएन संकेतांकांची यादी आहे, चालू कर-दरांची यादी आहे. तुमचा व्यवहार काय झाला, माल नक्की कोणी मागवला, सूट कशावर ठरली, यातलं त्याला काहीही माहीत नाही. म्हणून नकाराचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की बिलातली दोन विधानं एकमेकांना खोटं पाडताहेत. त्यातलं कोणतं खरं, हे पोर्टल सांगत नाही आणि त्याला सांगता येणारही नाही. ते ठरवायचं काम बिल करणाऱ्याचं. घाईत नेमकं हेच उलटं होतं: पोर्टलला जे पटेल ते भरलं जातं.

आपल्या फौंड्रीचं त्या संध्याकाळचं बिल पाहू. माल मागवला आहे चाकणच्या कंपनीने. तिची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली, म्हणजे क्रमांक २७ ने सुरू होतो. पण तिने सांगितलं आहे की माल चाकणला आणू नका, बेळगावला आमचं मशिनिंगचं काम करणाऱ्या कारखान्यात थेट उतरवा. पैसे चाकणची कंपनी देणार, गाडी जाणार कर्नाटकात. कोल्हापूर भागात असे व्यवहार रोजचे आहेत.

बिलिंग पाहणाऱ्या ताईंनी ऑर्डरवरचा उतरवण्याचा पत्ता खरेदीदाराच्या पत्त्यात भरला. पिनकोड बेळगावचा, ५९० ने सुरू होणारा. खरेदीदाराचं राज्य मात्र जुन्या नोंदीतून आलेलं, २७. पोर्टलने बिल परत केलं: हा पिनकोड या राज्यातला नाही. संदेश अगदी बरोबर होता. मागे गाडीवाला घाई करत होता, तेव्हा ताईंनी राज्य बदलून २९ केलं. आता पिनकोड आणि राज्य जुळले, पण नवा नकार आला, `2265`: खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकातला राज्य संकेतांक पत्त्यातल्या राज्याशी जुळत नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि ते २७ होते.

इथे काही जण त्याच कंपनीची कर्नाटकातली नोंदणी शोधून तो २९ चा क्रमांक टाकून मोकळे होतात. पोर्टल ते आनंदाने घेतं. पण मग बिल ज्याने मागवलं नाही त्याच्या खात्यावर पडतं, कारण कर कायद्यात एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. चाकणच्या हिशेबात हे बिल दिसणारच नाही.

उपाय साधा होता आणि साच्यातच होता. खरेदीदाराच्या घरात, `BuyerDtls` मध्ये, चाकणच्या कंपनीचा नोंदणीतला पत्ता आणि चाकणचा पिनकोड राहू द्यायचा. बेळगावचा पत्ता `ShipDtls` या वेगळ्या घरात भरायचा. टॅलीत बिल करताना ‘कन्साइनी’ आणि ‘बायर’ असे दोन भाग विचारले जातात, ते याचसाठी. दोन्ही नकार एकाच चुकीतून आले होते: दोन जागा एका घरात कोंबल्या गेल्या होत्या. एका नकाराला उत्तर देताना दुसरा उभा राहिला की बदल करणं थांबवावं आणि आपण चुकीच्या घरात तर नाही ना, हे पाहावं.

## कर कोणत्या राज्याचा

पत्ता सुटला, आणि लगेच तिसरा नकार आला. `2172`. राज्यांतर्गत व्यवहारात आयजीएसटी लागू होत नाही, सीजीएसटी आणि एसजीएसटीच लागतो, असा त्याचा आशय. गाडी कर्नाटकात जाते म्हणून ताईंनी आयजीएसटी लावला होता. मालवाहतूक राज्याबाहेर, मग कर आंतरराज्य, हा तर्क कोणालाही पटेल असाच आहे.

पोर्टलने मात्र गाडी कुठे जाते ते पाहिलंच नाही. त्याने विक्रेत्याचं राज्य आणि `Pos` नावाच्या घरातला आकडा पाहिला. `Pos` म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण. टॅलीने ते खरेदीदाराच्या राज्यावरून २७ भरलं होतं. विक्रेता २७, पुरवठ्याचं ठिकाण २७, आणि कर आयजीएसटी: तिघांचं जुळेना.

आता दोन वाटा आहेत. `Pos` बदलून २९ करा, किंवा कर बदलून सीजीएसटी-एसजीएसटी करा. पोर्टल दोन्ही स्वीकारेल. `Pos` खरेदीदाराच्या राज्यापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून २७ च्या खरेदीदारासमोर २९ लिहिलं तरी ते हरकत घेत नाही. कोणतं खरं, हे कायद्यातच पाहावं लागतं. आयजीएसटी कायद्याच्या कलम १० च्या पोटकलम १ मधला दुसरा खंड नेमका याच व्यवहारासाठी लिहिला आहे. एखाद्या तिसऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याच कोणाला दिला, तर माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला असं धरायचं, आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्या सांगणाऱ्याच्या धंद्याचं मुख्य ठिकाण. सांगणारी चाकणची कंपनी, मुख्य ठिकाण महाराष्ट्र. म्हणून `Pos` २७ हेच बरोबर, आणि गाडी बेळगावला गेली तरी कर सीजीएसटी आणि एसजीएसटी.

`Pos` बदलून बिल पुढे ढकललं असतं तर त्या संध्याकाळी काहीच दिसलं नसतं. आयआरएन आला असता, गाडी गेली असती. काही महिन्यांनी विवरणपत्रं तपासताना कोणीतरी विचारलं असतं की हा कर महाराष्ट्राला का मिळाला नाही. चुकीच्या प्रकारात भरलेला कर योग्य प्रकारात पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मागावा लागतो. कायद्यात त्याची सोय आहे आणि त्यावर व्याजही लागत नाही, पण तोवर रक्कम दोनदा अडकते. छोट्या फौंड्रीला ते परवडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की `2172` आला की कराचा प्रकार किंवा ठिकाण यातलं काहीही बदलण्याआधी एक प्रश्न मोठ्याने विचारावा: हा माल कोणी मागवला आणि तो कोणाच्या सांगण्यावरून कुठे उतरतो आहे? उत्तर बिलात सापडत नाही, ऑर्डरच्या कागदावर सापडतं.

## पैशांची गोष्ट

यानंतर आला चौथा नकार, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा तोच. बिलात दोन प्रकारचे भाग होते. पहिला १३२ नग, प्रत्येकी ४१८.७५ रुपये, म्हणजे ५५,२७५ रुपये. दुसरा ४७ नग, प्रत्येकी १,२६३.५०, म्हणजे ५९,३८४.५०. ऑर्डरमध्ये ठरलेली दोन टक्के सूट २,२९३.१९ रुपये. शिवाय गाडीभाडं ३,६०० रुपये, तेही फौंड्रीच बिलात लावणार.

बिल हाताने लिहायच्या काळात सूट आणि भाडं खाली, बेरजेच्या आधी लिहिलं जाई. ताईंनी तसंच केलं. फाइलमध्ये शेवटच्या एकूण रकमांच्या भागाला `ValDtls` म्हणतात. तिथे `Discount` आणि `OthChrg` अशी दोन घरं आहेत. सूट एकात, भाडं दुसऱ्यात. कराचा आकडा मात्र त्यांनी हिशेबाप्रमाणे बरोबर काढला: सूट वजा करून, भाडं मिळवून येणाऱ्या १,१५,९६६.३१ रुपयांवर नऊ टक्के सीजीएसटी, म्हणजे १०,४३६.९७.

पोर्टलने सांगितलं की एकूण सीजीएसटी ओळींच्या सीजीएसटीच्या बेरजेशी जुळत नाही. खरंच जुळत नव्हता. ओळींमध्ये सूट नव्हती आणि भाडंही नव्हतं, म्हणून तिथला कर पूर्ण किमतीवर निघाला होता: ४,९७४.७५ आणि ५,३४४.६१, एकूण १०,३१९.३६. फरक ११७.६१ रुपयांचा. पोर्टल प्रत्येक ओळीच्या करात रुपयाभर इकडेतिकडे चालवून घेतं, पण शंभर रुपयांचा फरक हा अपूर्णांकांचा दोष नसतो. त्यामागे एखादी अख्खी रक्कम चुकीच्या घरात बसलेली असते.

सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे खालचा आकडा ओळींच्या बेरजेइतका करणे. दोन्ही बाजूंना १०,३१९.३६ लिहायचं, सूट आणि भाडं जिथे आहे तिथेच ठेवायचं. एकूण बिल १,३६,६०५.०३ येतं. पोर्टल त्यावर एक शब्द न बोलता आयआरएन देतं, कारण त्याच्या सूत्राने बेरीज बरोबर आहे. पण आता सूट दिलेल्या रकमेवरही कर लागला आणि भाड्यावर लागलाच नाही. `ValDtls` मधली सूट आणि इतर आकार या दोन्ही रकमा कर काढून झाल्यावर येतात. करपात्र किमतीला त्या हात लावत नाहीत. कायदा मात्र उलटं सांगतो. विक्रीच्या वेळी बिलात दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, आणि विक्रेत्याने लावलेलं भाडं किमतीत मिळवलं जातं. खरं बिल १,३६,८४०.२५ चं होतं. सरकारला २३५.२२ रुपये कमी गेले असते. रक्कम छोटी आहे, पण अशी बिलं रोज निघतात आणि दर महिन्याला तीच चूक आपोआप विवरणपत्रात उतरते.

योग्य रचना अशी. सूट ओळीत न्यायची: पहिल्या ओळीत १,१०५.५०, दुसऱ्या ओळीत १,१८७.६९. भाड्याची तिसरी ओळ करायची. ते मालाच्या पुरवठ्याचाच भाग असल्याने त्याला मालाचाच दर, १८ टक्के. पहिली ओळ फाइलमध्ये अशी दिसते:

```json
{
  "SlNo": "1",
  "IsServc": "N",
  "HsnCd": "732510",
  "Qty": 132,
  "Unit": "NOS",
  "UnitPrice": 418.75,
  "TotAmt": 55275.00,
  "Discount": 1105.50,
  "AssAmt": 54169.50,
  "GstRt": 18,
  "CgstAmt": 4875.26,
  "SgstAmt": 4875.26,
  "TotItemVal": 63920.02
}
```

`TotAmt` मधून `Discount` वजा केला की `AssAmt`, म्हणजे करपात्र किंमत, आलीच पाहिजे. ५५,२७५ वजा १,१०५.५० बरोबर ५४,१६९.५०. त्यावर नऊ टक्के ४,८७५.२५५, दोन दशांश स्थळांपर्यंत ४,८७५.२६. हे पूर्णांकन प्रत्येक ओळीत करायचं आणि खालची बेरीज त्या पूर्णांकन केलेल्या आकड्यांचीच घ्यायची. तीन ओळींचा सीजीएसटी ४,८७५.२६, ५,२३७.७१ आणि ३२४.००, म्हणजे १०,४३६.९७. शेवटचा भाग असा:

```json
"ValDtls": {
  "AssVal": 115966.31,
  "CgstVal": 10436.97,
  "SgstVal": 10436.97,
  "RndOffAmt": -0.25,
  "TotInvVal": 136840.00
}
```

पैसे टाळण्यासाठी कापलेले पंचवीस पैसे `RndOffAmt` मध्ये, वजा चिन्हासह. हे घर रिकामं ठेवून नुसती एकूण रक्कम बदलली आणि फरक पोर्टल चालवून घेतं त्यापेक्षा मोठा झाला, तर `2189`, म्हणजे एकूण रक्कम चुकीची, हा नकार येतो. राऊंड ऑफसाठी टॅलीत वेगळं लेजर असतं, ते ई-इनव्हॉइसच्या याच घराशी जोडलेलं आहे का, हे एकदाच पाहून ठेवावं लागतं.

एचएसएनबद्दल इथेच सांगून टाकतो. पोर्टल सहा अंकी संकेतांक यादीत आहे का ते पाहतं आणि दर चालू दरांपैकी आहे का ते पाहतं. त्या वस्तूला तोच दर लागतो का, हे ते पाहत नाही. ७३२५१० हा बिडाच्या ओतीव वस्तूंचा संकेतांक आहे; त्याजागी चुकून दुसऱ्या कुठल्या वस्तूचा खरा संकेतांक पडला, तरी बिल पार होईल.

## दुहेरी म्हणून नाकारलेलं बिल

सगळं जुळलं. बटण दाबलं. पोर्टलकडून उत्तर येईना, आणि थोड्या वेळाने पडद्यावर संपर्क तुटल्याचा संदेश आला. ताईंनी पुन्हा पाठवलं. आता उत्तर आलं, `2150`: दुहेरी आयआरएन.

हा नकार सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि वस्तुतः तो आनंदाची बातमी असतो. पहिल्या वेळी बिल पोर्टलपर्यंत पोचलं होतं, नोंदलं गेलं होतं. फक्त त्याचं उत्तर परत येताना वाटेत हरवलं. यासाठी आयआरएन कसा बनतो ते समजून घ्यावं लागतं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक, एवढ्याच चार गोष्टींपासून तो गणिताने काढला जातो. रक्कम त्यात नाही, खरेदीदार नाही, तारीखही नाही. म्हणून रक्कम बदलून तेच बिल पुन्हा पाठवलं तरी पोर्टलला ते तेच वाटतं. जून २०२५ पासून क्रमांकातली लहान इंग्रजी अक्षरंही मोठी करूनच आयआरएन काढला जातो, त्यामुळे `gs/101` आणि `GS/101` हेही आता एकच.

घाईतली चूक ठरलेली असते. ‘हा क्रमांक घेत नाही, पुढचा देऊन टाकू.’ पुढच्या क्रमांकाने बिल लगेच पार होतं, गाडी जाते, आणि पोर्टलवर एकाच मालाची दोन बिलं जिवंत राहतात. दोन्ही आपोआप फौंड्रीच्या जीएसटीआर-१ मध्ये उतरतात. कर दोनदा देय होतो, खरेदीदाराला दुप्पट वजावट दिसते, आणि हे कळतं ते महिना संपल्यावर.

`2150` च्या उत्तरासोबत आधीच्या नोंदणीचा आयआरएन आणि पोचपावतीची माहिती येते. ती नीट वाचली की काम झालं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बिल क्रमांक देऊन आधीचा आयआरएन परत मागवण्याची सोय असते. तो मागवायचा, क्यूआर कोड छापायचा, संपलं. नोंदणी पोर्टल ही माहिती थोड्याच दिवसांपुरती देतं, म्हणून हे त्याच दिवशी करावं. उशीर झालाच, तर जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवरून बिलं उतरवून घेता येतात.

मात्र आलेला आयआरएन आपल्याच आत्ताच्या बिलाचा आहे का, हे रक्कम पाहून ताडून घ्यावं. एखाद्या शाखेने किंवा जुन्या संगणकाने तोच क्रमांक आधी दुसऱ्या पार्टीला वापरलेला असू शकतो. तेव्हा मात्र खरोखरच नवा क्रमांक द्यावा लागतो.

अशाच गैरसमजाचा आणखी एक नकार म्हणजे `3028`, जीएसटी क्रमांक प्रणालीत नाही. क्रमांक चुकला असेल तर तो पाहून पकडता येतो: तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत अक्षरं, आठव्यापासून अकराव्यापर्यंत अंक, बारावं पुन्हा अक्षर, कारण मधला सगळा भाग पॅन क्रमांक असतो. शून्याच्या जागी इंग्रजी ओ बसला की इथेच दिसतो. पण पार्टी नुकतीच नोंदली गेली असेल, तर क्रमांक बरोबर असूनही नोंदणी पोर्टलच्या यादीत तो पोचलेला नसतो. त्यासाठी मुख्य जीएसटी पोर्टलवरून ती माहिती ताजी करून घेण्याची सोय दिलेली आहे. क्रमांक निष्क्रिय असल्याचं सांगणारा `3029` आला तरी आधी हेच करावं. ताजी केल्यावरही निष्क्रियच दिसला, तर पार्टीला फोन करण्याशिवाय मार्ग नाही. तिची नोंदणी बहुधा रद्द झाली आहे.

## पार झालेल्या बिलातली चूक

गाडी निघाली आणि रात्री मालकांच्या लक्षात आलं की दुसऱ्या भागाचे नग ४७ नव्हे, ४५ चढवले होते. नोंदणी पोर्टलवर बिलात दुरुस्ती करता येत नाही. चोवीस तासांच्या आत अख्खं बिल रद्द करता येतं, अर्धं नाही. गाडीसाठी ई-वे बिल काढलं असेल आणि ते चालू असेल, तर आधी तेही रद्द करावं लागतं. आणि रद्द केलेला क्रमांक कायमचा गेला: तोच पुन्हा पाठवला तर `2278` येतो, म्हणजे हा आयआरएन आधी निघून रद्द झालेला आहे. नवं बिल नव्याच क्रमांकाने करायचं.

चोवीस तास उलटले असतील, किंवा माल वाटेत असल्यामुळे ई-वे बिल रद्द करणं शक्य नसेल, तर दोन नगांची क्रेडिट नोट काढायची. तीही साधा कागद नसते. तिचा प्रकार `CRN`, तिलाही पोर्टलवर पाठवून स्वतःचा आयआरएन घ्यावा लागतो, आणि तिची तपासणीही याच चाळण्यांतून होते. ज्या घरातल्या चुकीने मूळ बिल अडलं होतं, तीच चूक टॅलीतल्या पार्टीच्या नोंदीत तशीच राहिली असेल तर क्रेडिट नोटही तिथेच अडते. म्हणून दुरुस्ती फाइलमध्ये नव्हे, मूळ नोंदीत करायची: पार्टीच्या पत्त्यात, वस्तूच्या संकेतांकात, लेजरच्या जोडणीत.

बारा कोटींच्या या फौंड्रीला आणखी एक घड्याळ लागू आहे. दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीच्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून पोर्टल तीस दिवसांपेक्षा जुनं बिल घेतच नाही. शंभर कोटींवाल्यांना ही अट नोव्हेंबर २०२३ पासूनच होती. एखादं बिल नाकारलं गेलं, ‘उद्या बघू’ म्हणून बाजूला राहिलं आणि महिना उलटला, तर ते बिल त्या तारखेने कधीच नोंदवता येत नाही. क्रेडिट नोटचंही तसंच. म्हणून ज्या दिवशी नकार येतो त्याच दिवशी तीन गोष्टी एका वहीत लिहिलेल्या बऱ्या: बिलाचा क्रमांक आणि तारीख, नकाराचा पूर्ण मजकूर, आणि शेवटी नक्की काय बदललं. आठवड्यातून एकदा टॅलीतली बिलं आणि पोर्टलवरचे आयआरएन एकापुढे एक ठेवून पाहिले की टॅलीत आहे पण पोर्टलवर नाही असं बिल लगेच उघडं पडतं. पोर्टलवर आहे पण टॅलीत नाही, असं सापडलं तर ते आधी हातात घ्यावं, कारण कुठल्यातरी घाईच्या संध्याकाळी नवा क्रमांक देऊन पुन्हा काढलेल्या बिलाची ती जुन्या क्रमांकाची नोंद असण्याची शक्यता असते, आणि ते रद्द करण्याचे चोवीस तास कदाचित अजून शिल्लक असतात.